आमची वाटचाल : एका फलकाची तीन दरपत्रके

सांगलीत आमच्या व्यवसायाची सुरुवात स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डे छापण्यापासून झाली. पुढे फ्लेक्स आला, त्यानंतर एसीपी शीटवर, म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या तक्त्यावर, अॅक्रिलिकची उठावदार अक्षरे बसवून त्यांत एलईडी लावण्याचे काम आले, आणि आज दुकानांचे फलक हेच आमचे मुख्य काम आहे. या प्रवासात आमची दरपत्रक लिहिण्याची पद्धत जेवढी बदलली, तेवढी यंत्रेही बदलली नाहीत.

हा बदल एका धान्य व्यापाऱ्यांच्या फलकामुळे झाला. फलक बारा फूट लांब आणि तीन फूट उंच, म्हणजे छत्तीस चौरस फुटांचा होता. त्यांच्या हातात तीन दरपत्रके होती. पहिल्यात फक्त ‘एसीपी बोर्ड, २५० रुपये चौरस फूट’ एवढेच लिहिले होते, म्हणजे ९,००० रुपये. दुसऱ्यात सर्व मिळून १६,५०० रुपयांचा आकडा होता. तिसरे आमचे होते, आणि तेही तेव्हा एकाच ओळीचे होते. साहजिकच पहिला दर त्यांना सर्वांत स्वस्त वाटत होता.

“दादा, हे तिन्ही दर एकाच बोर्डाचे आहेत का, तेवढं सांगा,” असे ते म्हणाले, तेव्हा आम्ही कोरा कागद घेऊन पहिल्या दरपत्रकाची फोड केली. २५० रुपयांत लोखंडी चौकट आणि शीट एवढेच होते. अक्षरे वेगळी होती. उजळणाऱ्या अक्षरांचा दर अक्षरामागे उंचीच्या दर इंचाला लावतात. दुकानाच्या नावात नऊ अक्षरे, उंची बारा इंच आणि दर ६० रुपये, म्हणजे ६,४८० रुपये झाले. त्यात बसवणुकीचे १,५०० आणि डिझाइनचे ५०० मिळवल्यावर बेरीज १७,४८० वर गेली. वरवर महाग दिसणारे दुसरे दरपत्रक, त्यात हे सारे धरलेले असल्यामुळे, प्रत्यक्षात जवळजवळ हजार रुपयांनी स्वस्त होते.

देवनागरी अक्षरांच्या मोजणीत तर विशेष काळजी घ्यावी लागते. ‘धान्य’ या शब्दातील ‘न्य’ काही कारागीर एक अक्षर धरतात, तर काही दोन. वरील हिशेबात एवढ्यानेच ७२० रुपयांचा फरक पडतो. उंचीचेही तसेच आहे. बारा इंच म्हणजे शिरोरेषेपासून खालचा अक्षराचा देह, की वरची मात्रा आणि खालचा उकार धरून? दुसऱ्या पद्धतीने मोजल्यास मूळ अक्षर बरेच लहान होते आणि रस्त्याच्या पलीकडून नाव वाचता येत नाही. म्हणून आम्ही आता दरपत्रकासोबत मापे लिहिलेले रेखाचित्र देतो. २०२२ च्या कायदादुरुस्तीपासून महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी नाव देवनागरीत लावणे बंधनकारक आहे, आणि ती अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे केवळ इंग्रजी अक्षरांवर काढलेला दर नंतर वाढतोच.

मापाचा आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. एसीपीची शीट सामान्यतः आठ बाय चार फुटांची येते. बारा फुटांच्या फलकाला दोन शीट फोडाव्या लागतात, म्हणजे चौसष्ट चौरस फुटांतले छत्तीसच भिंतीवर लागतात आणि मधे एक सांधाही दिसतो. उरलेल्या तुकड्यांचे पैसे कोणी ग्राहकाकडून घेतात, कोणी घेत नाहीत. हे आधीच विचारलेले बरे. शीटची जाडी, चौकटीच्या पाइपाचा गेज, एलईडीच्या पॉवर सप्लायची हमी आणि जीएसटी धरून की वगळून, याही गोष्टी तिन्ही दरपत्रकांत सारख्या असल्याखेरीज आकड्यांची तुलना करता येत नाही.

व्हिजिटिंग कार्डांचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च ठरलेला असल्यामुळे शंभर कार्डे परवडत नाहीत; तेवढ्यांसाठी डिजिटल बरे. हजार घ्यायची असतील, तर अनेकांची कार्डे एकाच मोठ्या शीटवर छापणारे ऑफसेट स्वस्त पडते, मात्र त्यात रंग तंतोतंत जुळेलच असे नाही. जीएसएम म्हणजे कागदाचे दर चौरस मीटरचे वजन, लॅमिनेशन आणि छपाई एका बाजूला की दोन्ही बाजूंना, एवढे सारखे ठेवले की दर लगेच पडताळता येतात.

डिझाइन ‘मोफत’ असेल, तेव्हा किती दुरुस्त्या धरल्या आहेत आणि मूळ फाइल मिळणार का, हे आम्ही ग्राहकांना आवर्जून विचारायला सांगतो. फाइल मिळाली नाही, तर पुढच्या वेळी फोन नंबर बदलायलाही त्याच छापखान्यात जावे लागते. आम्ही दोन फाइली देतो: एक मजकूर बदलता येईल अशी, आणि दुसरी अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फॉन्टशिवाय उघडणाऱ्या आकृत्या, केलेली, कारण आपला मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर नसेल, तर जोडाक्षरे फुटतात.