एकवीस तारखेचा रकाना

आमच्या कारखान्याचा हजेरीपट क्रोम ब्राउझरमध्ये उघडतो. महिन्याचे 31 दिवस आणि नाव, टोकन क्रमांक, एकूण हजेरी असे इतर रकाने मिळून तो इतका रुंद होतो, की खालची पट्टी सरकवल्याशिवाय शेवट दिसत नाही. प्रणाली करणाऱ्यांनी तो फाइल म्हणून उतरवण्याची सोयच ठेवलेली नाही आणि हा मला अक्षम्य निष्काळजीपणा वाटतो. त्यामुळे लेखापरीक्षणासाठी मी दरमहा तीन तुकड्यांची चित्रे घेऊन पेंटमध्ये जोडत असे.

ऑक्टोबरचे चित्र पाहून लेखापरीक्षक म्हणाले, “ताई, बहुतेक ओळींत एकूण हजेरीपेक्षा एक दिवस कमी भरतो आहे.” जोडावर 20 नंतर थेट 22 तारीख आली होती.

जोड न देता पूर्ण पट मिळावा म्हणून प्रथम मी छपाईसाठी Ctrl+P दाबून आडवा A4 कागद निवडला. 14 तारखेनंतरचे सगळे कापले गेले होते, कारण तक्ता स्वतःची सरकपट्टी असलेल्या चौकटीत होता आणि कागदावर ती पट्टी सरकवता येत नाही. कागद A3 आणि Scale 50 केल्यावर पानाची उपयोगी रुंदी वाढली आणि सर्व रकाने आले. मात्र सुट्ट्यांचा लाल रंग नाहीसा झाला होता. तो Background graphics वर खूण केल्यावरच परत आला. पीडीएफ चांगली झाली, पण लेखापरीक्षकांच्या कार्यालयाला एकच चित्र हवे होते.

खिडकी ताणून उपयोग नव्हता, कारण माझा पडदा 1366 पिक्सेलचा आहे. Ctrl आणि वजाचे चिन्ह दाबून पान लहान केले, तर सगळे रकाने दिसतात खरे, पण तेवढ्याच पिक्सेलमध्ये दुप्पट मजकूर कोंबला जाऊन आकडे वाचता येत नाहीत. म्हणून F12 दाबून ब्राउझरची विकसकांसाठीची साधने उघडली, त्यातल्या Elements मध्ये तक्त्याची चौकट निवडली आणि तिच्यातल्या लपलेल्या भागासह पूर्ण रुंदी किती पिक्सेल आहे, ते Console मध्ये विचारले:

```
$0.scrollWidth
```

उत्तर 2640 आले. डावीकडचा मेनू सुमारे 240 पिक्सेलचा असल्याने Ctrl+Shift+M ने पानाची रुंदी पडद्यापेक्षा जास्त ठरवू देणारी उपकरणपट्टी उघडून रुंदी 2900 ठेवली. काही न सरकवताच शेवटचा रकाना दिसू लागला, हीच सगळे मावल्याची खूण. मग Ctrl+Shift+P दाबून आज्ञांच्या यादीतून पूर्ण पानाचे चित्र घेणारी Capture full size screenshot ही आज्ञा निवडली. ही आज्ञा रुंदी न वाढवता दिली असती, तर पान खालपर्यंत आले असते, पण चौकटीत उजवीकडे लपलेले रकाने आले नसते.

पाठवण्यापूर्वी 1 ते 31 तारखा बोटाने मोजल्या आणि पाच कामगारांच्या ओळींची बेरीज शेवटच्या रकान्याशी ताडून पाहिली. चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवले, नाहीतर ते दाबले जाऊन आकडे पुन्हा अस्पष्ट झाले असते.

लेखापरीक्षकांनी ते स्वीकारले. त्या संध्याकाळी मी मागच्या महिन्यांची जोडचित्रे उघडली, तेव्हा ऑगस्टच्या चित्रात 12 तारीख दोनदा आलेली दिसली, आणि त्यावर माझ्या साहेबांची सही होती.