तुम्ही विचारलंत म्हणून: बारा हजार आणि एकवीस हजार

“भाऊ, बारा हजाराचा पगार एकवीस हजार झाला. म्हणजे पावणेदोन पट. मंग वीस तारखेलेच खिसा रिकामा कसा होते?”

जिनिंगवरच्या ऑफिसात कापसाचा हंगाम संपला, गाड्यांची रांग सरली, की दर मार्चला कुणी ना कुणी हे विचारतं. हिशेब मी लिहितो आणि माझाही पगार तेवढाच आहे, म्हणून उत्तर माझ्याच चिठ्ठ्यांवरून देतो. मार्च २०१५ ची चिठ्ठी १२,००० ची, मार्च २०२५ ची २१,००० ची. दोन्ही आकडे कपातीच्या आधीचे. एका वर्षाचा हातात आलेला पगार आणि दुसऱ्या वर्षाचा एकूण पगार शेजारी ठेवला, तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

आता या दहा वर्षांत महागाई किती झाली, ते बघायचं. त्यासाठी मी केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक घेतो, म्हणजे कामगारांच्या घरखर्चाचे भाव किती वाढले ते दाखवणारा आकडा. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता याच आकड्यावर ठरतो आणि ज्या शहरांतून त्याचे भाव गोळा होतात त्यांत आपलं नागपूरही आहे. मार्च २०१५ ला हा निर्देशांक होता २५४. मार्च २०२५ ला होता १४३. पहिल्यांदा हे आकडे पाहिले तेव्हा मीही थबकलो होतो, कारण यावरून तर भाव जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसतात. तसं नाही. २०२० च्या सप्टेंबरपासून मोजायचं माप बदललं. आधी २००१ सालच्या भावांना १०० धरायचे, आता २०१६ च्या भावांना १०० धरतात. जुनं आणि नवं माप जोडायला ब्युरोनेच २.८८ हा आकडा दिला आहे. १४३ ला २.८८ ने गुणलं की जुन्या मापात ४११.८४ येतात. त्याला २५४ ने भागा, १.६२ मिळतात. म्हणजे २०१५ मध्ये जो बाजार शंभरात व्हायचा, त्याला आता एकशे बासष्ट लागतात.

मग १२,००० चे आज व्हायला हवेत साधारण १९,४५०. मिळतात २१,०००. खरी वाढ दीड हजाराच्या आसपास, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम आठ टक्के. पावणेदोन पटीतला बाकी सगळा भाग महागाईने गिळला. इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पण लगेच पुढचा प्रश्न येतो: आठ टक्के का होईना, वाढच आहे ना? मग तंगी कुठून आली?

तंगी दोन टोकांमध्ये दडलेली आहे. दहा वर्षांची फक्त पहिली आणि शेवटची चिठ्ठी पाहिली तर मधली वर्षं दिसतच नाहीत. म्हणून मी मधल्या दोन चिठ्ठ्या काढल्या. मार्च २०१९ ला पगार १६,००० होता आणि निर्देशांक ३०९. २०१५ च्या रुपयांत तो पगार भरतो १३,१५०. चांगले दिवस होते, मला आठवतं, त्या वर्षी घरावर नवे टिनं टाकले. मग टाळेबंदी आली, जिनिंगचे दोन हंगाम विस्कटले, आणि मार्च २०२२ ला चिठ्ठी तीच, १६,००० ची. निर्देशांक मात्र नव्या मापात १२६ वर गेला होता, जुन्या मापात ३६२.८८. २०१५ च्या रुपयांत त्या सोळा हजारांचे उरले ११,२००. म्हणजे सात वर्षं नोकरी करून मी लागलो तेव्हाच्या पगाराच्याही खाली आलो होतो, आणि चिठ्ठीवर त्याची एक रेघही नव्हती. आकडा तोच राहिला की पगार कापल्यासारखं वाटत नाही. पण तो कापलेलाच होता.

किती कापला, हेही निघतं. २०१९ ची ताकद टिकवायला मार्च २०२२ ला १८,७९० हवे होते. म्हणजे महिन्याला २,७९० कमी पडत होते. ही तूट एका दिवसात आली नाही, तीन वर्षांत हळूहळू वाढत गेली, म्हणून सरासरी चौदाशे धरा. छत्तीस महिन्यांचे झाले पन्नास हजार. आमच्या घरी त्याच काळात गावच्या पतसंस्थेतून चाळीस हजार उचलले होते. तेव्हा वाटलं की आईच्या औषधपाण्यात गेले. आज हा हिशेब मांडल्यावर कळतं की पगार नुसता महागाईच्या बरोबरीने चालला असता, तर ते कर्ज काढावंच लागलं नसतं. पगार पुढे वाढला, पण हप्ता आणि व्याज त्या वाढलेल्या पगारातून गेलं. वीस तारखेच्या रिकाम्या खिशाचं माझ्या घरापुरतं उत्तर हे आहे.

निर्देशांक खोटा असतो, भाव त्याहून जास्त वाढलेत, असं आमच्याकडे पुष्कळजण म्हणतात. ते तपासायला मी किराण्याच्या उधारीच्या वह्या काढल्या. पोटमाळ्यावर होत्या, २०१५ च्या वहीला वाळवी लागलेली, पण मार्चचं पान शाबूत. सोयाबीन तेल ७८ रुपये, तूरडाळ ८८. मार्च २०२५ ला तेल १४५, डाळ १२५. मार्च २०१५ चा पूर्ण किराणा ३,४०० चा, मार्च २०२५ चा साधारण तेवढ्याच मालाचा ५,७००. एक पूर्णांक अडुसष्ट पट. निर्देशांकाच्या १.६२ पासून फार लांब नाही. तेल एकटं घेतलं असतं तर महागाई भयंकर दिसली असती, आणि डाळ एकटी घेतली असती तर किरकोळ. महिनाही तोच हवा. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ दोनशेच्या वर गेली होती. तूर पिकवणाऱ्या आपल्या मुलखात डाळ पातळ करून खाल्ली त्या दिवाळीत. तो महिना पाया धरला तर मार्च २०२५ ची डाळ स्वस्त झाली असंच म्हणावं लागेल.

एक फरक मात्र आहे. या निर्देशांकात घरभाड्याचा वाटा मोठा आहे, आणि आपण गावात स्वतःच्या घरात राहतो. आपल्या खर्चात किराणा, पेट्रोल आणि दवाखाना जास्त. म्हणून १.६२ हा आकडा रुपयापैशापर्यंत ताणू नये.

आणि पोराचं अमरावतीचं वसतिगृह महागाईत मोजू नका. २०१५ ला पोरगा पाचवीत होता, तो खर्चच नव्हता. खर्च वाढला हे खरं, पण तो भाव वाढल्यामुळे नाही, घर पुढे गेल्यामुळे. दोन्ही एकत्र केले की मालकासमोर आपलंच म्हणणं लंगडं पडतं. मी २०२२ च्या एप्रिलात कागद घेऊन गेलो तेव्हा त्यावर वसतिगृह लिहिलं नव्हतं. फक्त १६,०००, ३०९, ३६२.८८ आणि १८,७९० एवढंच लिहिलं होतं. शेठनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि १८,००० केले. ७९० तरी कमीच पडले, पण तीन वर्षांत हललेला तो पहिला आकडा होता.

तुमचा हिशेब करायचा असेल तर २०१९ च्या मार्चची चिठ्ठी शोधून आणा. एप्रिलची चालणार नाही, काहींची वाढ त्या महिन्यात लागली होती.