मे महिन्यातलं साक्षगंध आणि आंब्याचं पुडिंग

मी नागपुरात घरूनच डेझर्टच्या ऑर्डर घेते. यंदा मे महिन्यात एका साक्षगंधासाठी आंब्याच्या पुडिंगच्या शंभर वाट्यांची ऑर्डर आली. कार्यक्रम संध्याकाळी, उघड्या लॉनवर. मुलीच्या आईने फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. "ताई, त्यात जिलेटिन तर नाही ना? मुलाकडचे पक्के शाकाहारी आहेत. आणि वितळलं नाही पाहिजे बरं, उन्हाचं तुम्हाला माहीतच आहे."

दोन्हींचा तोडगा एकच होता, चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनपासून निघतं, त्यामुळे शाकाहारी घरात त्याचा प्रश्नच येत नाही. अगर लाल समुद्री शेवाळातून काढतात. पाकिटावर हिरवा ठिपका असतो, आणि एखाद्या तयार मिश्रणात ते घातलेलं असेल तर घटकांच्या यादीत ४०६ हा क्रमांक दिसतो.

पण शाकाहार बाजूला ठेवला तरी मे महिन्यात जिलेटिन इथे चालत नाही. ते साधारण ३० ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणूनच जिलेटिनचं पुडिंग जिभेवर ठेवताच विरघळतं आणि इतकं सुरेख लागतं. डिसेंबर-जानेवारीत इथेही ते ताटात नीट उभं राहतं. नवतपाच्या आगेमागे मात्र संध्याकाळी सातलाही हवा चाळिशीच्या जवळ असते. फ्रीजमधून काढलेली वाटी अर्ध्या तासात कडेने सुटायला लागते आणि मग मधोमध डुगडुगते. अशा वेळी जिलेटिन वाढवून फारसा उपयोग होत नाही. पुडिंग चिवट होतं, पण उन्हात ते तग धरत नाही.

अगरचा स्वभाव अगदी वेगळा. ते गोठतं ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान, पण एकदा गोठलं की पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. नागपूरचा उन्हाळा तिथपर्यंत पोचत नाही. याच गुणामुळे अगर प्रयोगशाळेत गेलं, हे मला फार आवडतं. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत, आणि ते उबेत वितळून जाई. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांची पत्नी फॅनी हिने अगर सुचवलं, कारण तिच्या स्वयंपाकघरात जेली आणि पुडिंग त्यानेच होत आणि उन्हाळ्यातही टिकत.

आता मुख्य गोष्ट, प्रमाणाची. लोक अगरचं पुडिंग खाऊन "रबरासारखं लागतं" म्हणतात, त्यामागे बहुतेकदा जास्तीचं अगर असतं. उन्हाळा आहे, सैल पडायला नको, म्हणून हात सढळ होतो. पण अगर कमी घातलं म्हणून ते कमी उष्णतेला वितळत नाही. प्रमाणाने फक्त घट्टपणा बदलतो. एक लिटर मिश्रणाला जिलेटिन १२-१४ ग्रॅम लागतं. तेवढीच अगर पावडर घातली तर चमचा मारताना पुडिंगचे तुकडे उडतात. माझ्या हाताला बसलेलं प्रमाण असं: एक लिटरला ४ ग्रॅम पावडरने चमच्याने खाण्याइतकं मऊ, ६ ग्रॅमने साच्यातून काढून उभं राहील इतकं, आणि १० ग्रॅमने बर्फीसारखं कापता येईल इतकं. वाटीतच द्यायचं होतं, शिवाय गाडीतून हिंदकळत न्यायचं होतं, म्हणून मी ५ ग्रॅम धरलं. शंभर मिलीच्या शंभर वाट्या म्हणजे दहा लिटर, म्हणजे ५० ग्रॅम पावडर. ही पावडर काट्यावरच मोजते, कारण चमच्यात एखादा ग्रॅम सहज इकडेतिकडे होतो आणि इथे एका ग्रॅमनेही फरक पडतो.

दोन-दोन लिटरचे घाणे केले. एका घाण्याला अर्धा लिटर थंड पाणी, त्यात १० ग्रॅम पावडर भिजवली आणि मग उकळी आणून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळत ठेवली. जिलेटिन उकळायचं नसतं, अगर मात्र उकळल्याशिवाय विरघळत नाही. पळीची मागची बाजू उजेडात धरून बघायची. बारीक पारदर्शक कण चिकटलेले दिसले तर अजून वेळ आहे. मग साखर, आणि नंतर ९०० मिली गरम दूध आणि साय. सायीमुळे तो कुरकुरीत तुटकपणा बराच मऊ होतो, म्हणून मी ती सोडत नाही. शेवटी गॅस बंद करून ६०० मिली आंब्याचा रस.

रस फ्रीजमधून काढून तसाच ओतला तर त्याच्याभोवती अगर तिथल्या तिथे गोठतं आणि मिश्रणात शेवयांसारखे दोरे दिसतात. तसं झालंच तर पातेलं पुन्हा गरम करून दोरे विरघळवावे लागतात, आणि आंब्याचा ताजा वास जातो. म्हणून रस आधीच बाहेर काढून कोमट करून घेतला. रस शेवटी घालण्याचं आणखी एक कारण आंबटपणा. आंबट रसात अगर उकळत ठेवलं तर त्याची पकड कमी होते. आंब्याला हे फार जाणवत नाही, पण संत्र्या-मोसंबीच्या रसाला नक्की जाणवतं. लिंबाला तर विचारूच नका.

ओतण्याआधी एक चमचा मिश्रण फ्रीजमधल्या गार स्टीलच्या ताटलीवर टाकलं. दोन मिनिटांत गोठलं, ताटली तिरकी केली तरी ओघळलं नाही, आणि बोटाने दाबल्यावर सहज फुटलं. हवं ते हेच. सैल वाटलं असतं तर थोड्या पाण्यात आणखी अगर उकळून मिसळता येतं, घट्ट वाटलं तर गरम दूध वाढवायचं.

मे महिन्याचा एक फायदाही आहे. स्वयंपाकघरच ३७-३८ अंशांवर असल्यामुळे मिश्रण पातेल्यात लवकर धरत नाही, वाट्या भरायला निवांत वेळ मिळतो. पण त्याच कारणाने ओट्यावर ठेवून ते गोठेल याची वाट बघण्यात अर्थ नाही, वाट्या फ्रीजमध्येच सरकवाव्या लागतात. अर्धवट धरलेलं हलवायचं नाही. हललं की पाणी सुटतं, वाटीच्या कडेला पातळ पाणी जमतं आणि दुधाचं पुडिंग नासल्यासारखं दिसतं. अगरला थोडं पाणी सुटतंच, दुसऱ्या दिवशी जास्त, म्हणून मी हे आदल्या रात्री न करता त्याच दिवशी सकाळी केलं.

लॉनवर वाट्या बर्फाच्या पेटीत नेल्या आणि केटररच्या माणसाला सांगितलं, "दादा, एका वेळी पंचवीसच बाहेर काढा." तो म्हणाला, "पण ताई, हे तर जसंच्या तसं उभं आहे!" धोका नेमका तिथेच आहे. जिलेटिनचं पुडिंग वितळून सांगतं की आता मी गरम झालो. अगरचं तीन तासांनीही तस्संच दिसतं, पण आतलं दूध तेवढ्या गर्मीत खराब व्हायला लागलेलं असतं. इतक्या उकाड्यात दुधाची वाटी तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवायची नाही. मग उरलेली टाकायची, परत फ्रीजमध्ये नाही.

पावडरऐवजी लांब दोऱ्यांचं चायना ग्रास घेतलं तर ते कातरून अर्धा तास पाण्यात भिजवावं लागतं, उकळायलाही जास्त वेळ लागतो, आणि शेवटी गाळून घेतलेलं बरं. लिटरला दहा ग्रॅमने सुरुवात करते आणि ताटली सांगेल तसं कमी-जास्त करते, कारण दोऱ्यांची ताकद पाकिटागणिक बदलते.