आईचा चेहरा, अठरा मिलिमीटरमध्ये

आईच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर तिचंच चित्र असावं, ही कल्पना माझी. फोटो छापायचा नव्हता. शंभर ग्रॅमच्या पाकिटावर एका रंगात फोटोचा नुसता काळा डाग होतो. मोजक्या रेषांचा चेहरा हवा होता, पण बाजारात तिला ओळखणाऱ्याने तो बघून "अरे, या तर मसालेवाल्या काकू!" म्हणायला हवं होतं.

पहिलं चित्र मी दोन तासांत काढलं. अंबाडा, गोल चष्मा, मोठं कुंकू, खांद्यावर पदर. दिसायला छान होतं. रोज माल घेणाऱ्या दुकानदाराला दाखवलं, तर तो म्हणाला, "कुणाची आजी आहे ही?" चष्मा आणि कुंकू गावातल्या निम्म्या आज्यांचं असतं. मी आईचा पेहराव काढला होता, आई काढलीच नव्हती.

मग फोटोपासून पुन्हा सुरुवात केली. आधीचा फोटो मी हातभर अंतरावरून काढला होता. इतक्या जवळून नाक फुगतं आणि कान मागे जातात. या वेळी दोन मीटर मागे उभी राहिले आणि झूम करून, खिडकीच्या उजेडात फोटो घेतला. आई बोलत होती, त्यामुळे चेहरा ताठरला नाही.

खरी वाट सापडली ती पुढच्या पायरीला. दोन मावश्या, एक काकू आणि शेजारच्या काकू अशा चौघींचे समोरून काढलेले फोटो घेतले. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांतलं अंतर सारखं करून ते अर्धपारदर्शक करून एकमेकांवर ठेवले आणि वर आईचा फोटो ठेवला. जिथे ती बाकीच्यांवर बसत नव्हती, तिथे ती "आई" होती. तिच्या भुवया सरळ आहेत आणि डोळ्यांच्या अगदी जवळ. नाक आणि वरचा ओठ यांतलं अंतर चांगलंच जास्त. जबडा रुंद. आणि हसताना डावा गाल आधी वर जातो. एवढ्या वर्षांत मी हे कधी शब्दांत मांडलं नव्हतं.

हे चार फरक ठेवले, बाकी सगळं सोपं केलं. नाकाच्या जागी एक छोटी वळणदार रेष, कान दिसेनासे. फरक आहेत तसेच ठेवले तर रेषांत ते विरून जातात, म्हणून थोडे वाढवले. निम्म्याने वाढवले तेव्हा भुवयांमुळे आई रागावलेली दिसायला लागली, तीही बघून गप्प झाली. शेवटी सुमारे पाव पटीवर थांबले.

एक चूक मात्र उशिरा कळली. सोय म्हणून मी चेहऱ्याची एक बाजू काढून तीच उलटवून दुसरीकडे जोडली होती. चित्र नीटनेटकं झालं आणि ओळख गेली. डावा गाल आणि तिकडे झुकणारं ओठांचं टोक परत काढलं, तशी ती परत आली. आईला तरीही ते पटेना, "भांग उलट्या बाजूला पडलाय," म्हणे. ती स्वतःला रोज आरशात बघते, गिऱ्हाईक तिला समोरून बघतं. चित्र गिऱ्हाइकासाठी, म्हणून भांग तसाच ठेवला.

चाचणीसाठी चष्मा आणि कुंकू पुसलेली प्रत तिला ओळखणाऱ्या दहा जणांना दाखवली, काहीही न सांगता. सात जणांनी नाव घेतलं. तेव्हाच चष्मा, कुंकू परत चढवलं.

छपाईने पुन्हा अडवलं. पाकिटावर चेहरा अठरा मिलिमीटर रुंद येणार होता. घरच्या प्रिंटरवर त्याच मापात काढला, तर भुवई आणि चष्म्याची कड एक झाली होती, आणि भुवया गेल्या म्हणजे आई गेली. छोट्या मापासाठी वेगळं चित्र केलं: चष्म्याची वरची कड काढूनच टाकली, भुवई जाड केली, मध्ये अर्धा मिलिमीटर जागा सोडली. नाकाची रेष गाळली. नमुना छापून आला, त्यात गडद लाल पाकिटावर पांढऱ्या शाईने सगळं उलटं झालं होतं. केस पांढरे, चेहरा लाल. रेष न रेष तीच, पण आई ओळखूच येईना. त्यावर उपाय साधा निघाला. आधी पांढरा भरीव गोल आणि त्यात चेहरा लाल रेषांनी.

दुसरा नमुना मी त्याच दुकानदाराच्या गल्ल्यावर काही न बोलता ठेवला. त्याने पाकीट उचललं, डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "काकू आज स्वतः आल्या नाहीत?"