चारशे नगांसाठी अडकलेले आठ लाख

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. पंपांचे सुटे भाग बनवतो. बिलिंग आणि वसुली माझ्याकडे असते. यातलं बिलिंग सोपं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात चाकणच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीला माल गेला. स्टेनलेसच्या २,००० शाफ्ट स्लीव्ह, दर २६० रुपये, आणि ३,००० लॉकनट, दर ६० रुपये. सात लाखांचा माल, वर अठरा टक्के जीएसटी, असं ८,२६,००० चं एकच बिल. पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, पैशांची मुदत ४५ दिवसांची. माल पोचल्यावर नवव्या दिवशी त्यांच्या क्वालिटीची मेल आली. मेलमध्ये एकच ओळ होती: ‘स्लीव्हचे बोअर ओव्हरसाइज, माल होल्डवर.’ म्हणजे स्लीव्हचं आतलं भोक मापापेक्षा मोठं. किती नग, कोणता लॉट, किती ओव्हरसाइज, काहीच लिहिलेलं नव्हतं.

आमच्या दादांनी तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही. अशी मेल महिन्याला एखादी येतेच. मे उजाडला, मुदत संपली आणि पेमेंट आलं नाही. फोन केला तर अकाउंट्समधून ठरलेलं उत्तर मिळालं, “साहेब, बिल डिस्प्यूटमध्ये आहे. क्वालिटी क्लिअर झाल्याशिवाय सिस्टीम सोडत नाही.”

आमचं दुखणं वेगळंच होतं. या बिलावरचा १,२६,००० रुपये जीएसटी आम्ही २० एप्रिललाच भरून बसलो होतो. मार्चच्या बिलाचा कर एप्रिलमध्ये भरावाच लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. आणि त्यांनी त्या कराचं क्रेडिटही घेऊन टाकलं असणार, कारण बिल त्यांच्या पोर्टलवर दिसत होतं.

दादा म्हणाले, “उद्यम नोंदणी आहे ना आपली? टाक समाधान पोर्टलवर तक्रार.” हे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल. मी त्यांना थांबवलं. एक तर हे गिऱ्हाईक आमचा मोठा भाग उचलतं. दुसरं म्हणजे ती एका ओळीची मेल आमच्या आड येत होती. एमएसएमई कायद्यात मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. साधारणपणे माल पोचला तो दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. पण पंधरा दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल तो दिवस धरला जातो. त्यांची हरकत नवव्या दिवशी आली होती, आणि तीही ‘माल होल्डवर’ अशा मोघम शब्दांत. म्हणजे उद्या ते सरळ म्हणू शकले असते की घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. भांडायचं तर आधी ती हरकत किती नगांची आहे हे कागदावर आणायला हवं होतं. मार्चअखेर असता तर आयकराच्या ४३बी(एच) कलमाने थोडी मदत केली असती, मुदत उलटून थकलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला पैसे देईपर्यंत मिळत नाही, म्हणून त्या दिवसांत छोट्या सप्लायरचे पैसे आपोआप सुटतात. पण मे महिन्यात त्या कलमाची आठवण कोणालाच नसते.

म्हणून मी ‘पैसे कधी?’ हे विचारणंच सोडलं आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट मागितला. दोन दिवसांनी आला. त्यात लॉट टॅगचे नंबर होते. स्लीव्ह आम्ही दोन लॉटमध्ये पाठवल्या होत्या, १,६०० आणि ४००. ओव्हरसाइज सापडलेला प्रत्येक नमुना दुसऱ्या लॉटचा होता. लॉकनटबद्दल रिपोर्टमध्ये अवाक्षर नव्हतं. मी रात्रीची गाडी पकडली.

सकाळी सरळ अकाउंट्सला न जाता स्टोअर्समध्ये गेलो. तिथल्या मॅडम ओळखीच्या. त्यांच्याशी बोलत असतानाच असेंब्लीचा एक मुलगा निळा क्रेट घेऊन आला आणि इश्यू स्लिपवर सही करून स्लीव्ह घेऊन गेला. क्रेटला आमचाच टॅग होता, पहिल्या लॉटचा. मी विचारलं, “मॅडम, हा माल होल्डवर आहे ना?” त्या हसल्या. “होल्ड दुसऱ्या लॉटला आहे हो. पहिला कधीच लाइनला लागला. नट तर संपत आले, पुढची ऑर्डर येईल तुम्हाला.” ज्या मालाचे पैसे ‘डिस्प्यूट’ म्हणून अडकले होते, तो पंपांत बसून बाहेरही पडत होता.

मी तिथे आवाज चढवला नाही. इश्यू स्लिपांची यादी मात्र मॅडमकडून काढून घेतली.

घोळ कुठे होता ते क्वालिटीच्या टेबलावर कळलं. स्टोअर्सने दोन हजार नगांचा एकच जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची एकच नोंद, केला होता. क्वालिटीने होल्ड टाकताना तो लॉटवर न टाकता अख्ख्या जीआरएनवर टाकला. पहिला लॉट लाइनला हवा होता म्हणून कोणीतरी तो सिस्टीमबाहेरच सोडून दिला. अकाउंट्सला दिसत होतं ते एवढंच, की या बिलासमोरचा माल पास झालेला नाही. तिघांपैकी कोणी मुद्दाम अडवत नव्हतं. क्वालिटीच्या साहेबांनी माझ्यासमोर १,६०० नग स्वीकृत आणि ४०० होल्ड अशी नोंद केली. आणि माझ्या विनंतीवरून एक मेल टाकली, की हरकत फक्त लॉट दोनच्या ४०० नगांपुरती आहे. मला दिवसभरात हवी होती ती खरं तर हीच मेल.

मग अकाउंट्सचे साहेब. त्यांची पहिली सूचना, “हे बिल रद्द करा आणि दोन बिलं पाठवा, चांगल्या मालाचं लगेच सोडतो.” ऐकायला छान, पण ते ई-इन्व्हॉइस होतं. त्याचा आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरचा बिलाचा नोंदणी क्रमांक, चोवीस तासांनंतर रद्द होत नाही, इथे तर दोन महिने होत आले होते. दुसरी सूचना अशी की ४०० नगांची क्रेडिट नोट आत्ता द्या, उरलेलं बिल मोकळं होईल. बहुतेक सप्लायर इथेच मान तुकवतात, कारण समोर सात लाख दिसत असतात. पण क्रेडिट नोट दिली म्हणजे चारशेही नग खराब होते हे आपण लिहून दिलं. तपासणीआधी ते मी का लिहून देऊ? मी सांगितलं, तपासणीत जेवढे खराब निघतील तेवढ्यांची क्रेडिट नोट लगेच देतो, आधी नाही.

मग मी माझा आकडा पुढे केला. ४०० नग गुणिले २६० म्हणजे १,०४,००० आणि त्यावरचा कर १८,७२०. वादातली रक्कम १,२२,७२०. उरलेले ७,०३,२८० कोणत्याच वादात नाहीत. वादातल्या नगांवरचा करही मी वादाच्या बाजूला ठेवला होता. तो वगळून मागणी केली असती तर आकडा त्यांच्या हिशेबाशी जुळला नसता आणि गाडी तिथेच अडली असती. साहेबांनी आकडे तपासले, इश्यू स्लिपांची यादी पाहिली आणि जरा गप्प झाले. मग त्यांच्या हाताखालच्या मुलीने सांगितलं, की बिल पूर्ण बुक करून देय रकमेच्या दोन ओळी करता येतात आणि ब्लॉक फक्त दुसऱ्या ओळीवर ठेवता येतो. म्हणजे सिस्टीम सोडत होती, कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

तिथेच बसून मी मेल लिहिली. मजकूर असा होता:

“आपल्या क्वालिटी विभागाच्या आजच्या मेलनुसार हरकत लॉट दोनच्या ४०० स्लीव्हपुरती आहे. करासह त्यांची किंमत रु. १,२२,७२०. ही रक्कम संयुक्त तपासणी होईपर्यंत थांबवण्यास आमची हरकत नाही. उरलेल्या रु. ७,०३,२८० ची मुदत पीओप्रमाणे संपली आहे, ते येत्या पेमेंट रनमध्ये द्यावेत. ही रक्कम बिलापोटी अंशतः समजली जाईल, बाकीवरचा आमचा हक्क कायम राहील. संयुक्त तपासणी पुढच्या शुक्रवारी आपल्या मेट्रॉलॉजी रूममध्ये करू.”

तपासणीची तारीख मी मुद्दाम घातली. ती नसेल तर वादातली रक्कम वर्षभर तशीच पडून राहते. मोठी रक्कम मिळाली की आपणही सुस्तावतो आणि त्यांना तर घाई नसतेच.

पुढच्या बुधवारी ७,०३,२८० जमा झाले. सोबतच्या पेमेंट ॲडव्हाइसवर मात्र छापील ओळ होती, ‘बिलापोटी संपूर्ण व अंतिम.’ त्यांच्या सिस्टीममधून ती प्रत्येकालाच जाते, पण पुढे वाद झाला तर वाचणारा ती ओळच वाचतो. मी त्याच दिवशी उत्तर दिलं, की रक्कम अंशतः जमा केली आहे, बाकी १,२२,७२० उभी आहे. त्यांच्याकडून ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं.

हा मार्ग सगळीकडे चालत नाही हेही खरं. आमच्या बिलात वादाचे नग मोजून वेगळे काढता आले. दराचा वाद असता तर वाद प्रत्येक नगाला चिकटला असता. तेव्हा त्यांना मान्य असलेला दर गुणिले सगळे नग, एवढी रक्कम मागावी लागली असती. आणि आमच्या मालाने त्यांची लाइन बंद पडली असती, तर त्यांनी नगांच्या किमतीपेक्षा मोठा दावा लावून सगळंच वळतं करून घेतलं असतं.

शुक्रवारी आमचा क्वालिटीवाला गेला. बोअर ४५ मिमी, वरची मर्यादा ४५.०२५. त्यांनी मार्चअखेर पत्र्याच्या रिसीव्हिंग शेडमध्ये मोजलं होतं, तिथे तापमान छत्तीसच्या आसपास. बोअर गेज मात्र एसी रूममध्ये वीस अंशांना सेट केलेलं. सोळा अंशांच्या फरकात एवढ्या स्टेनलेस बोअरला सुमारे ०.०१२ मिमी फुगवटा येतो. दुसऱ्या लॉटची बोअर मुळातच वरच्या मर्यादेजवळची होती, त्यामुळे शेडमध्ये ती बाहेर जाणारच. नग रात्रभर एसी रूममध्ये ठेवून मोजले तेव्हा ३३० पास झाले.

बाकीचे ७० मात्र थंड होऊनही मोठेच होते. आमच्याकडे मध्येच मशीनवरचा कापणारा इन्सर्ट बदलला होता आणि जुन्या इन्सर्टची झीज भरून काढायला दिलेला ऑफसेट तसाच राहिला होता. त्या ७० नगांची २१,४७६ रुपयांची क्रेडिट नोट मी त्याच संध्याकाळी काढली. उरलेले १,०१,२४४ रुपये जूनमध्ये आले.

सत्तर नग चाकणहून परत आणायच्या टेम्पोचं भाडं कोणी द्यायचं, यावर मेल अजून चालू आहेत.