समीरच्या मनातला आवाज सापडेपर्यंत: एका सीनचे तीन ड्राफ्ट

माझ्या कादंबरीतला अठरावा चॅप्टर मी तीनदा लिहिला. सीन अगदी साधा आहे, रात्रीचे दोन वाजलेत, वैदेहीच्या वडिलांचं ऑपरेशन झालंय, ती दोन रात्री हॉस्पिटलमध्ये जागी आहे आणि समीर तिला तिच्याच गाडीतून घरी सोडतोय. समीर मेकॅनिक आहे, तिची गाडी त्याच्याच गॅरेजला येते, ओळख तिथलीच. गाडीत बसल्या बसल्या तिला झोप लागते, आणि अख्खा सीन समीरच्या नजरेतून आहे. बास, एवढंच घडतं. पण वाचकाला पहिल्यांदा कळायला हवं होतं की हा माणूस हिच्यावर किती जीव टाकतो, आणि ते त्याने स्वतः कबूल न करता कळायला हवं होतं.

पहिल्या ड्राफ्टमध्ये मी ठरवून त्याला कमी बोलता ठेवला. पुरुष मनातसुद्धा फार बोलत नाहीत असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं बहुतेक. ते असं होतं:

"ती झोपली होती. समीरने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. रस्ता मोकळा होता. त्याने गिअर बदलला."

माझी एक मैत्रीण माझं सगळं पहिल्यांदा वाचते, ती म्हणाली की याला ही आवडते हे मला आधीच्या चॅप्टरमुळे माहितीये म्हणून ठीक, नाहीतर हा टॅक्सीवाला वाटतोय, आणि तिचं बरोबर होतं. मी खूप वेळ विचार केला की नक्की चुकलं कुठे, कारण कमी बोलणारा हीरो लिहिणं काही चूक नाही. मग लक्षात आलं की समीर वैदेहीपासून लपवतोय ते ठीकच आहे, पण मी त्याला वाचकापासूनही लपवत होते. "नजर वळवली" हे बाहेरून दिसणारं आहे, समोरच्या गाडीतल्या माणसालाही ते दिसलं असतं. का वळवली, वळवताना डोक्यात काय चालू होतं, तिथे मी दार लावून घेतलं होतं. जो माणूस आतमध्येही गप्प असतो तो थंडच वाटणार, मग त्याचं कारण कितीही हळवं असो.

मग दुसरा ड्राफ्ट लिहिला आणि सगळं उलट्या टोकाला गेलं.

"तिच्या मिटलेल्या पापण्यांवर रस्त्यावरचे दिवे सोनं सांडत होते. ही अशीच आयुष्यभर आपल्या शेजारी झोपलेली असावी असं त्याला वाटलं. त्याचं काळीज भरून आलं. तिच्यासाठी तो असा जन्मभर जागा राहिला असता."

लिहिताना मला स्वतःला भरून आलं होतं, हे खरं सांगते, त्यामुळे हे चांगलंच झालंय असं वाटत होतं. दोन दिवसांनी तीच पानं प्रिंट काढून वाचली आणि तीन रंगांचे पेन घेऊन बसले. उपमा आणि अलंकार लाल, भावनेचं थेट नाव घेतलंय ते निळं (काळीज, जीव, प्रेम, भरून येणं, वाटणं, जाणवणं) आणि समीरलाच दिसेल किंवा समीरच करेल अशी गोष्ट हिरवी. साधारण नऊशे शब्दांच्या सीनमध्ये लाल आणि निळं जवळजवळ प्रत्येक ओळीत होतं आणि हिरवं दोनच ठिकाणी, एक गिअर आणि एक हँडब्रेक. म्हणजे मेकॅनिकच्या ऐवजी तिथे शिक्षक, डॉक्टर, कोणीही बसवला असता तरी एकही वाक्य बदलावं लागलं नसतं. गोडमिट्टपणा म्हणजे भावना जास्त होणं असं मी समजत होते, तसं नाहीये, भावना खरी होती, पण ती कोणाचीच नव्हती. आणि दुसरं म्हणजे कारण यायच्या आधीच भावनेचं नाव येत होतं. आधी "काळीज भरून आलं" आणि मग ते का भरून आलं याचा पत्ता नाही, वाचकाला स्वतःहून भरून यायला जागाच ठेवली नव्हती.

अजून एक गोष्ट त्या प्रिंटवर दिसली ती मला जास्त लागली. समीर पूर्ण दीड पान झोपलेल्या बाईकडे बघत होता, ओठ, पापण्या, मान. मी ते हळवं म्हणून लिहिलं होतं पण वाचताना अंगावर आलं, कारण तिला माहीतच नाहीये की कोणी बघतंय. शिवाय तो गाडी चालवतोय! रात्री दोन वाजता रस्त्यावर नजर हवी ना त्याची.

तिसऱ्या ड्राफ्टची सुरुवात तिथूनच झाली. मी स्वतःला एक अट घातली की समीरने तिच्याकडे बघायचंच नाही, नजर रस्त्यावर, तिचं जे काही कळेल ते कानाने. आणि मेकॅनिकचा कान म्हणजे काय असतो, तो गाडीत बसला की आधी इंजिन ऐकतो. माझ्या नेहमीच्या गॅरेजमधल्या काकांना मी विचारलं की दुसऱ्याची गाडी चालवताना तुमच्या डोक्यात काय चालू असतं, तर ते म्हणाले काही नाही, आवाज, कुठला आवाज नवीन आहे तेवढंच. हे "तेवढंच" मला हवं होतं. मग वैदेहीच्या गाडीला मी टॅपेटचा आवाज दिला, इंजिनमधली ती बारीक टकटक जी रेस वाढली की भराभर होते, आणि समीरला दोन आवाज ऐकायला लावले, टॅपेटचा आणि तिच्या श्वासाचा.

"टॅपेट वाजतायत. आठवडाभर तरी वाजत असतील, हिच्या लक्षात कसं येणार, हॉस्पिटल आणि घर, हॉस्पिटल आणि घर. त्याने रेस कमी केली. टकटक मंदावली आणि मग तिचा श्वास ऐकू आला. पुढे स्पीडब्रेकर होता. त्याने खूप आधीपासून ब्रेक दाबायला सुरुवात केली, क्लच अर्धा, गाडी जवळजवळ थांबवूनच वर चढवली. श्वास तुटला नाही."

यात प्रेमाचा शब्द नाहीये, पण "श्वास तुटला नाही" याच्यावर मैत्रिणीने पेन्सिलने दोन रेघा मारल्या. तो स्वतःला सांगतोय की मी इंजिन ऐकतोय, आणि आपल्याला कळतंय की रेस का कमी केली. फक्त हे जमायला एक गोष्ट लागते, तो जे बघतो किंवा ऐकतो ते गरजेपेक्षा जास्त बारीक असायला लागतं. नुसतं "त्याने हळू चालवली" लिहिलं असतं तर परत टॅक्सीवाला.

वाक्यरचनेतही एक बदल केला. "ती दमली आहे हे त्याला जाणवलं" असं मी सगळीकडे लिहीत होते, आणि "त्याला जाणवलं", "त्याच्या मनात आलं", "त्याला वाटलं" आलं की दर वेळी मी लेखक म्हणून मध्ये उभी राहते. ते काढून नुसतं "दमलीये" ठेवलं. एक शब्द, आणि तो थेट त्याचाच. सगळीकडून नाही काढले, दोन ठेवले, नाहीतर कोण विचार करतंय याचा गोंधळ होतो.

पण खरा आवाज सापडला तो वेगळ्याच ठिकाणी. समीर वैदेहीला अहो-जाहो करतो, कस्टमर आहे ती त्याची, पूर्ण कादंबरीभर "तुम्ही बसा", "रविवारी गाडी आणा" असंच. आणि मी तिसरा ड्राफ्ट लिहीत असताना माझ्याकडून आपोआप लिहिलं गेलं:

"समोरून ट्रक आला, दिवा थेट तिच्या तोंडावर. ती हलली. झोप. झोप, अजून चार किलोमीटर आहेत."

मी थांबले. "झोपा" नाही, "झोप". मनात तो तिला तू म्हणतोय! हे त्याला माहीत नाही, तिला तर नाहीच, वाचकाला मात्र लगेच कळतं, कारण आपल्याकडे तुम्हीवरून तूवर येणं ही किती मोठी गोष्ट आहे हे सांगावं लागत नाही. त्यानंतर मी मागचे सतरा चॅप्टर उघडले आणि समीरच्या मनातली वैदेहीबद्दलची सगळी वाक्यं तपासली. नवव्या चॅप्टरपर्यंत मनात नुसतं "ती" किंवा "मॅडम" ठेवलं, तू कुठेही नाही. बाराव्यात एकच ठिकाणी "अगं सावकाश" आलं, ती ओल्या फरशीवरून चालतेय तिथे, तोंडाने तो "मॅडम, फरशी ओली आहे" म्हणतो. आणि मग थेट अठराव्यातलं "झोप". दोन ठिकाणं, बास. जास्त केलं असतं तर ती लकब झाली असती.

सीनचा शेवट मला सगळ्यात अवघड गेला. घर आलं, आता गाडी बंद करायची. समीरला माहितीये की चालू गाडीत झोपलेला माणूस इंजिन बंद झालं की हमखास जागा होतो. म्हणून तो बंद करत नाही, न्यूट्रल, हँडब्रेक, काच थोडी खाली, आणि बसून राहतो. इथे मी आधी लिहिलं होतं, "पेट्रोल जळत होतं, पाठ दुखत होती, सकाळी सातला गॅरेज उघडायचं होतं, पण तिच्यासाठी त्याला हे काहीच वाटत नव्हतं." ते कापलं. आपण किती चांगलं वागतोय हे हीरोच मोजायला लागला की सगळं बिघडतं, तो लगेच तिच्या नावावर उधारी मांडतोय असं वाटतं. त्याऐवजी फक्त हिशोब ठेवला, मेकॅनिकचा: "वीस मिनिटं आयडलिंग म्हणजे पाव लिटर. उद्या गाडीत तेवढं टाकून ठेवू, काटा बघून विचारेल नाहीतर." पेट्रोल तिचं आहे, तिच्या लक्षात यायला नको, एवढीच त्याची काळजी.

या सगळ्याला मर्यादाही आहे, ती मला पुढे कळली. विसाव्या, एकविसाव्या चॅप्टरमध्येही मी त्याला इंजिन आणि नटबोल्टच्या आडून बोलायला लावत राहिले तेव्हा मैत्रीण वैतागली, म्हणाली आता हा मुद्दाम टाळतोय. बरोबरच होतं, एकदा वाचकाला कळलंय म्हटल्यावर त्याने कायम आडून आडून विचार करणं खोटं वाटायला लागतं. म्हणून एकविसाव्यात, ती वडिलांना घेऊन पंधरा दिवस बहिणीकडे जाते तिथे, सरळ लिहिलं: "ती नव्हती. करमत नव्हतं." उपमा नाही, काळीज नाही. अख्ख्या पानावर तेवढंच उघडं वाक्य आहे, त्याच्या आधी आणि नंतर तो एका स्कूटरचा कार्बोरेटर साफ करतोय.

समीरने "तू" मोठ्याने कधी म्हणायचं हे मात्र बरेच दिवस ठरत नव्हतं. कबुलीच्या सीनमध्ये टाकून बघितलं, तिथे आधीच सगळे शब्द होते, "तू" वाहून गेला. शेवटी चोविसाव्यात, कबुलीच्या कितीतरी आधी ठेवला. ती गॅरेजमध्ये त्याच्याशी बोलत उभी आहे, बोलता बोलता खाली पडलेली किल्ली उचलायला वाकते, गाडीखाली हात घालते, आणि जॅक सरकतो. समीर ओरडतो, "हात काढ!" ती हात काढते, गाडी धप्पकन खाली बसते. मग तो म्हणतो, "लागलं नाही ना तुम्हाला?" आणि ती उत्तर न देता त्याच्याकडे बघत राहते.