पाचव्या दिवशी दिलेला नकार

लातूरमध्ये वंध्यत्वाच्या उपचारांचे काम करताना मला अनेकदा वाईट बातमी सांगावी लागते. त्या सकाळी मात्र माझ्याकडे सांगायला चांगली बातमी होती आणि तरीही समोर बसलेल्या कुटुंबाचे चेहरे उतरले. निलंगा तालुक्यातील २८ वर्षांची ती सून लग्नानंतर सात वर्षांनी आयव्हीएफपर्यंत पोहोचली होती. तिची स्त्रीबीजे काढून पाच दिवस झाले होते, प्रयोगशाळेत सात उत्तम ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवसांचे भ्रूण, तयार झाले होते, आणि त्यांतला एकही आज गर्भाशयात सोडायचा नाही, सर्व गोठवून ठेवायचे, असे मी सांगत होते.

तिला पीसीओएस, म्हणजे अंडाशयांत अनेक लहान पुटिका राहून पाळी अनियमित होण्याचा विकार, होता. बीजांचा साठा दाखवणारे एएमएच नऊच्या वर होते आणि दोन्ही अंडाशयांत वीसहून अधिक लहान पुटिका सोनोग्राफीत दिसत होत्या. अशा अंडाशयांना थोडे औषधही पुष्कळ होते, म्हणून बीजे वाढवणाऱ्या इंजेक्शनची मात्रा आम्ही कमीच ठेवली होती. तरीही दहाव्या दिवशी रक्तातले एस्ट्राडायॉल हे संप्रेरक ५,००० पिकोग्रॅमच्या पुढे गेले. स्त्रीबीजे पक्व करण्यासाठी शेवटी जे इंजेक्शन देतात, ज्याला आम्ही ट्रिगर म्हणतो, ते कोणते द्यायचे हा निर्णय त्या संध्याकाळी घ्यायचा होता, आणि माझ्या मते तिच्या उपचारातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होता.

नेहमीचे ट्रिगर म्हणजे एचसीजी हे संप्रेरक. ते शरीरात कित्येक दिवस रेंगाळते आणि सुजलेल्या अंडाशयांना सतत चेतवत राहते. त्यातून रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, रक्तातले पाणी पोटात साचते, उरलेले रक्त घट्ट होते, लघवी कमी होते आणि प्रसंगी रक्ताच्या गुठळ्याही होतात. ओएचएसएस म्हणतात तो हाच आजार. शिकत असताना मी अशा एका तरुण स्त्रीला अतिदक्षता विभागात पाहिले होते. दोन वेळा सुईने पोटातले पाणी काढावे लागले होते, आणि गंमत म्हणून नव्हे तर खरोखर घाबरून ती विचारत होती की हे मूल आहे की पाणी. ती गर्भवती होती, आणि आजार वाढण्याचे कारणही तेच होते, कारण रुजणारा गर्भ स्वतः एचसीजी तयार करतो आणि उतरत चाललेला आजार पुन्हा उसळतो.

म्हणून निलंग्याच्या सुनेला आम्ही एचसीजी न देता ॲगोनिस्ट प्रकारचे ट्रिगर दिले. त्याने मेंदूखालच्या पियूष ग्रंथीतून शरीराचे स्वतःचे संप्रेरक थोड्या वेळापुरते सुटते, बीजे पक्व होतात आणि मग अंडाशय लवकर शांत होतात. मात्र हे शांत होणे फार पूर्ण असते. बीज निघून गेल्यावर जी पीतपिंडे प्रोजेस्टेरॉन तयार करून गर्भाशयाचे अस्तर सांभाळतात, तीही मावळतात. ३५ तासांनी २६ बीजे मिळाली, पण ज्या अस्तरात भ्रूण सोडायचे ते मात्र आधारावाचून उरले होते, शिवाय आधीच्या अतिरिक्त संप्रेरकांनी त्याचे वेळापत्रकही बिघडलेले असण्याची शक्यता होती.

हे सर्व आधी समजावून सांगितले होते आणि संमतिपत्रावर सह्याही होत्या. पण घरी पोहोचता पोहोचता ‘पाचव्या दिवशी बाळ सोडणार’ एवढेच उरले होते. सासूबाईंनी उपवास धरला होता. सून स्वतः चालत आली होती, पोट थोडे फुगलेले, रक्ताचे प्रमाण ठीक. ‘ती तर बरी आहे, मग का नाही?’ हा पतीचा प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हणाले, ‘आज बरी आहे, पण अंडाशय अजून नारळाएवढे आहेत. आज भ्रूण सोडले आणि गर्भ राहिला, तर आठ-दहा दिवसांत ती कशी असेल याची खात्री मला देता येणार नाही.’

मग सासरे बोलले. ‘बाई, एक इचारू का? बर्फातलं लेकरू जगतंय का?’ थोडे थांबून, संकोचाने, ते पुढे म्हणाले, ‘आमच्या देवणी गाईला भरवायला डॉक्टर धुराची टाकी घेऊन येतेत. तसंच का हे?’

मला तो प्रश्न अतिशय आवडला, कारण त्यांनी नेमका नायट्रोजनवर हात ठेवला होता. द्रव नायट्रोजनची टाकी तशीच, उणे १९६ अंशांचीच, असे मी त्यांना सांगितले. फरक गोठवण्यात आहे. गाईसाठीच्या टाकीतला शुक्रजंतू ही एकेकटी, पाणी कमी असलेली पेशी. ब्लास्टोसिस्टमध्ये शंभराच्या आसपास पेशी असतात आणि मध्ये पाण्याची पोकळी. पूर्वी भ्रूण हळूहळू गोठवत, तेव्हा त्या पाण्याचे टोकदार स्फटिक होऊन पेशी फाटत आणि बरीच भ्रूणे वाया जात. आता आधी पाणी काढून संरक्षक द्राव भरतात आणि भ्रूण क्षणात नायट्रोजनमध्ये बुडवतात, त्यामुळे स्फटिक न होता सारे काचेसारखे घट्ट होते. यातली दहापैकी नऊहून अधिक भ्रूणे जिवंत परततात. सर्व भ्रूणे गोठवण्याची पद्धत दवाखान्यांत वाढली ती मुख्यतः या तंत्रामुळे. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच गोठवलेल्या भ्रूणापासून मूल झाल्याचे सांगितले होते, तेव्हा त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, हेही मी त्यांना सांगितले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर चीनमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गोठवलेल्या भ्रूणांनी अपत्यजन्माचे प्रमाण ४२ वरून ४९ टक्क्यांवर गेले आणि ओएचएसएस ७.१ वरून १.३ टक्क्यांवर आला. पण नियमित पाळी असलेल्या स्त्रियांवरील २०१८ च्या अभ्यासांत अपत्यजन्मात असा फायदा दिसला नाही. जिला सात-आठच बीजे मिळाली आहेत, जिचे प्रोजेस्टेरॉन ट्रिगरच्या दिवशी वाढलेले नाही आणि अस्तर चांगले आहे, तिला महिनाभर थांबवून गोठवण्याचा खर्च लावण्याचे वैद्यकीय कारण मला दिसत नाही. प्रयोगशाळेच्या सोयीसाठी सरसकट सर्वांची भ्रूणे गोठवणे मला पटत नाही.

निलंग्याचे कुटुंब त्या दिवशी परत गेले. आठ दिवसांत पाळी आली आणि सूज उतरली. पुढच्या पाळीत तिला बीज वाढवणारे लेट्रोझोल देऊन एकच बीज वाढवले. केवळ संप्रेरकांच्या गोळ्यांवर अस्तर तयार करणे सोपे असते, तारीखही आपल्याला हवी ती मिळते, पण त्यात पीतपिंड नसते आणि अशा गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक दिसतो. त्याच चिनी अभ्यासात गोठवलेल्या गटात प्री-एक्लॅम्पसिया हा गर्भारपणातील रक्तदाबाचा आजार जास्त होता. म्हणून तिचे स्वतःचे बीज फुटावे, पीतपिंड तयार व्हावे, असा माझा आग्रह होता.

पहिला ब्लास्टोसिस्ट उबवल्यावर दोन तासांत छान फुगला, पण रुजला नाही. चौदाव्या दिवसाचा तो अहवाल सांगणे जड गेले. मात्र इंजेक्शने आणि भूल पुन्हा लागणार नव्हती, टाकीत सहा शिल्लक होते. दोन महिन्यांनी दुसरा सोडला आणि तो राहिला.

आता तिला सातवा महिना लागला आहे. उरलेल्या पाच भ्रूणांच्या साठवणुकीच्या कागदांवर दोघांनी सह्या केल्या आहेत. कायद्याने ती दहा वर्षे ठेवता येतात. दर भेटीत मी प्रथम रक्तदाब पाहते, आणि परवा तो ११८/७६ होता.